सात की सोळा? भावाच्या पायाचा निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यावा

आदरणीय डॉक्टर,

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे, टेम्पो चालवतो. दोन दिवसांपूर्वी मानखुर्दजवळ भर पावसात टेम्पोच्या मागे उभा असताना ट्रकचे चाक त्याच्या डाव्या नडगीवरून गेले आणि तो गटाराच्या पाण्यात पडला. पाऊण तासात त्याला रुग्णालयात नेले. एका डॉक्टरांनी ‘मेस स्कोअर ७ आहे, पाय काढावा लागेल’ असे सांगितले. दुसरे म्हणाले, ‘गंगा स्कोअर १६ आहे, प्रयत्न करता येईल.’ त्याच्या तळपायाला स्पर्श कळत नाही. पाच सेंटिमीटर हाड गेले आहे. आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहतो, संडास सार्वजनिक आहे. तो तंबाखू मळतो. त्याला अजून यातले काहीच सांगितलेले नाही. कागदांचे फोटो सोबत पाठवते. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक बहीण, घाटकोपर

ताई,

आपले पत्र आणि कागद मिळाले त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, कारण हा निर्णय सदर छापून येण्याची वाट पाहणारा नव्हता. तेव्हा घाईत जे तुकड्यातुकड्यांनी सांगितले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही डॉक्टरांची बेरीज बरोबर आहे. तरीही उत्तरे वेगळी का आली, हे समजण्यासाठी त्या आकड्यांच्या आत काय भरले आहे ते पाहावे लागेल.

मेस स्कोअर १९९० साली अमेरिकेत मांडला गेला. त्यात चार गोष्टींना गुण आहेत: हाडामांसाला झालेली इजा किती जोराच्या आघाताने झाली, पायाचा रक्तपुरवठा किती खालावला, रक्तदाब किती पडला आणि रुग्णाचे वय काय. आपल्या भावाला पहिल्या रकान्यात ४ गुण मिळाले, कारण चिरडण्याची इजा आणि वर गटाराची घाण. पायाची नाडी आल्या वेळी क्षीण लागत होती, पण पाऊल गरम होते आणि नखाखाली रक्त लगेच भरत होते, म्हणून रक्तपुरवठ्याचा १. रक्तदाब ८० पर्यंत उतरला, पण सलाइन आणि रक्त दिल्यावर वर आला, म्हणून त्याचा १. वय तीस ते पन्नास यांच्यामध्ये, म्हणून आणखी १. झाले ७. सात किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे पाय वाचण्याची शक्यता कमी, असे या पद्धतीत मानले जाते.

आता हीच बेरीज वेगळ्या नजरेने पाहा. आपला भाऊ ३८ ऐवजी २९ वर्षांचा असता, तर याच पायाला ६ गुण मिळाले असते आणि तो ‘वाचवण्याजोगा’ ठरला असता. पायात काहीही बदल नसताना केवळ जन्मसालाने निकाल फिरतो. शिवाय सातपैकी दोन गुण पायाचे नाहीतच, ते वयाचे आणि रक्तदाबाचे आहेत. रक्तपुरवठ्याच्या रकान्यात भावाला एकच गुण आहे. पाऊल थंड, निर्जीव आणि हालचाल गेलेले असते तर तिथे ३ गुण पडले असते, आणि सहा तास उलटून गेले असते तर तेच दुप्पट होऊन ६ झाले असते. रक्ताविना सहा तासांहून अधिक काळ राहिलेल्या पायाचा ७ आणि गरम पावलाचा ७ कागदावर सारखे दिसतात, पण शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या इजा आहेत.

हा स्कोअर पन्नासएक जखमी पायांच्या अभ्यासावरून उभा राहिला होता. पुढे अमेरिकेतील आठ मोठ्या अपघात केंद्रांनी मिळून ‘लीप’ नावाचा मोठा अभ्यास केला आणि त्यात पाचशेहून अधिक पायांवर असे अनेक स्कोअर तपासून पाहिले. २००१ साली त्याचा निष्कर्ष आला. गुण कमी असतील तर पाय वाचेल असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, मात्र गुण जास्त आहेत म्हणून पाय काढावाच लागेल असे म्हणता येत नाही. पहिल्या डॉक्टरांनी सावध केले ते योग्यच होते. परंतु सात हा आकडा धोक्याची सूचना म्हणून घ्यावा, त्याला निकालपत्र समजू नये.

गंगा स्कोअर कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी तयार केला. नडगीच्या उघड्या आणि गंभीर अस्थिभंगांवरचा त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या रस्त्यांवरचे अपघात, चिखल, रुग्णालयात पोहोचायला होणारा उशीर हे सारे डोळ्यांसमोर ठेवून तो बनला असल्यामुळे आपल्या रुग्णांसाठी तो मला अधिक जवळचा वाटतो. त्यात कातडी, हाड आणि स्नायू-नसा यांना स्वतंत्रपणे एक ते पाच गुण देतात, आणि शरीराची अवस्था बिघडवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दोन गुण. भावाच्या हाडावरची कातडी गेली आहे, म्हणून ४. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त हाड गेले, म्हणून ५. नडगीच्या पुढच्या कप्प्यातला काही स्नायू दुरुस्त न होण्याइतका गेला, म्हणून ३. आल्या वेळी रक्तदाब नव्वदच्या खाली होता त्याचे २, आणि सांडपाण्यामुळे जखम दूषित झाली त्याचे २. बेरीज १६. या पद्धतीत १४ पर्यंत पाय वाचवावा, १७ आणि त्यापुढे काढावा असे मानतात. मधला पट्टा अनुभवी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष पाहणीवर सोडलेला आहे. आपला भाऊ नेमका त्या पट्ट्यात आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हा स्कोअर मुख्य रक्तवाहिनी तुटलेल्या पायांसाठी नाही. भावाची नाडी लागते आहे, म्हणूनच तो येथे लागू पडतो.

म्हणजे एक आकडा ‘काढा’ म्हणतो आणि दुसरा ‘पाहून ठरवा’ म्हणतो. तेव्हा पाहायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट तळपायाच्या स्पर्शाची. आपल्या काकांनी ‘तळव्याला कळत नाही तो पाय लाकडाचाच’ असे म्हटल्याचे आपण फोनवर सांगितलेत. एके काळी आम्ही डॉक्टरही असेच मानत असू. तळपायाची संवेदना पोटरीच्या खोलातून जाणाऱ्या टिबियल नसेमुळे, म्हणजे मज्जातंतूमुळे, असते. ती नस तुटली तर स्पर्श जातो, पण ती नुसती ताणली किंवा दबली गेली तरीही पहिल्या दिवसांत स्पर्श जातो, आणि पलंगाशेजारी उभे राहून टाचणी टोचून या दोन अवस्थांमधला फरक कळत नाही. लीप अभ्यासात आल्या वेळी तळपाय बधिर असूनही ज्यांचे पाय वाचवले गेले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांची संवेदना दोन वर्षांत परत आली, आणि पूर्ण बधिर राहिलेला रुग्ण एकच निघाला. म्हणून केवळ तळपाय बधिर आहे या कारणाने पाय काढू नये. विचारायचा प्रश्न असा: ‘सफाईच्या वेळी टिबियल नस तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलीत का, आणि ती सलग होती का?’ आपण पाठवलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या टिपणात नसेचा उल्लेखच नाही.

दुसरी गोष्ट स्नायूंची. चाकाखाली चिरडलेला स्नायू पहिल्या दिवशी जिवंत वाटतो आणि दोन दिवसांनी मरतो, म्हणून जखम एकदाच साफ करून भागत नाही. सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी रुग्णाला पुन्हा भूल देऊन जखम उघडतात आणि मेलेला भाग काढतात. त्या वेळी शल्यचिकित्सक चिमट्याने स्नायू हलकेच डिवचतो. जिवंत स्नायू लाल असतो, कापल्यावर रक्त देतो, डिवचल्यावर आखडतो आणि बोटाला चिवट लागतो. मेलेला स्नायू काळपट, पिठूळ असतो आणि जागचा हलत नाही. दुसऱ्या सफाईत पोटरीचा मागचा कप्पा बहुतांशी जिवंत निघाला, तर पाय वाचवण्याच्या बाजूने ते फार मोठे बळ आहे. दोन कप्पे मेलेले निघाले, तर गंगा स्कोअरमधील स्नायूंचे ३ गुण ५ होतील आणि एकूण बेरीज १८ वर जाईल. स्कोअर पहिल्या रात्री काढून फाइलला लावून ठेवण्याची वस्तू नाही, दुसऱ्या सफाईनंतर तो पुन्हा काढावा.

तिसरी गोष्ट पावलाची. नडगी कितीही मोडली तरी घोटा आणि पाऊल धड असेल, तर वाचवलेल्या पायाला उभे राहायला खाली जागा असते. भावाच्या एक्स-रेमध्ये घोटा शाबूत दिसतो, ही जमेची बाजू आहे.

आता दोन्ही वाटांवर पुढे काय असते, ते लिहितो. पाय वाचवायचा ठरला, तर सर्वांत आधी उघड्या हाडावर जिवंत आवरण घालावे लागेल. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात आजूबाजूला पुरेसा स्नायू नसतो, म्हणून पाठीचा किंवा मांडीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. याला फ्री फ्लॅप म्हणतात, आणि हे काम प्लास्टिक सर्जन करतात. ते साधारण पहिल्या आठवड्याच्या आत व्हावे असा प्रयत्न असतो, कारण हाड जितके उघडे राहील तितका संसर्ग मुरतो. फोनवर मी इतकी घाई केली ती याच कारणाने. आपल्या रुग्णालयात सूक्ष्मशल्यक्रियेची सोय नसेल, तर बदली आजच मागावी. सोय नाही म्हणून पाय काढला, असे घडू देऊ नये.

फ्लॅप रुजल्यावर हाडाचा प्रश्न येतो. पाच सेंटिमीटरची पोकळी भरण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे रिंग फिक्सेटर, पायाभोवती बाहेरून बसवलेल्या आणि तारांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्या. हाड निरोगी जागी अलगद कापतात आणि तो तुकडा पोकळीच्या दिशेने रोज एक मिलिमीटर सरकवतात. मागे सुटलेल्या जागेत नवे हाड धरत जाते. हा एक मिलिमीटर पाव-पाव करून दिवसातून चार वेळा द्यायचा असतो, आणि कड्यांवरचे नट पान्याने फिरवून तो घरच्यांनीच द्यायचा असतो. माझ्या एका रुग्णाची आई सकाळचा चहा, दुपारचे जेवण, संध्याकाळचा दिवा आणि रात्रीचे जेवण अशा चार वेळा धरून पाना फिरवत असे आणि प्रत्येक वेळी कॅलेंडरवर खडूने रेघ ओढत असे. पाच सेंटिमीटर सरकायला पन्नास दिवस लागतात. नवे हाड घट्ट होऊन कड्या निघेपर्यंत मात्र आठ ते दहा महिने धरून चालावे, आणि जिथे हाडाची टोके भिडतात तिथे ती जुळावीत म्हणून बहुधा आणखी एक शस्त्रक्रिया लागते. तारांच्या भोकांतून अधूनमधून पाणी किंवा पू येतो. रोज ती भोके स्वच्छ करावी लागतात.

पाय काढायचा ठरला, तर गुडघ्याखाली काढता येईल. गुडघा राहणे फार मोलाचे आहे, कारण स्वतःचा गुडघा असलेल्या माणसाला कृत्रिम पायावर चालताना खूपच कमी दमछाक होते. जखम नीट भरली तर दोन-अडीच महिन्यांत पहिला कृत्रिम पाय बसू शकतो. पहिल्या वर्षात उरलेला भाग आकसत जातो, त्यामुळे पाय बसवायची खोळ सैल होते आणि ती बदलावी लागते. पुढेही दर काही वर्षांनी पाय बदलावा लागतो. २००७ साली लीपच्याच अभ्यासकांनी आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा पाय काढलेल्यांचा खर्च वाचवलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. तो मुख्यतः या बदलांमुळे होता. ते आकडे अमेरिकेचे आहेत, पण ‘काढला की खर्च संपला’ असे समजू नये, एवढे त्यातून निश्चित कळते.

चालण्या-वावरण्याच्या बाबतीत त्याच अभ्यासाने जे दाखवले, ते रुग्णाच्या घरच्यांना सांगताना मी नेहमी थांबून सांगतो. दोन वर्षांनी दोन्ही गटांची रोजच्या आयुष्यातली क्षमता जवळजवळ सारखी होती, आणि दोन्ही गटांतले सुमारे निम्मेच लोक कामावर परतले होते. पाय वाचवलेल्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, जवळपास ४८ टक्के, तर काढलेल्यांमध्ये ३४. कोणाचे बरे चालले यावर शस्त्रक्रियेच्या प्रकाराहून शिक्षण, घरची मिळकत, धूम्रपान, माणसांचा आधार आणि ‘मी यातून उभा राहीन’ हा स्वतःवरचा विश्वास यांचा परिणाम मोठा होता.

म्हणून आपल्या चाळीचा विचार मला दुय्यम वाटत नाही. टेकडीच्या पायऱ्या आणि सार्वजनिक संडास हे दोन्ही रिंग फिक्सेटर असलेल्या माणसाला फार कठीण जातात. कड्या असताना उकिडवे बसता येत नाही. त्या आठ-दहा महिन्यांसाठी तळमजल्यावर, कमोड खुर्ची मावेल अशी जागा एखाद्या नातेवाइकाकडे मिळेल का, हे आजच पाहा. उलट पाय काढला तर जयपूर फूट हा आपल्या बसण्याच्या सवयी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे, त्याने अनवाणी चालता येते आणि उकिडवेही बसता येते. हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पाय बनवतात आणि चालायलाही शिकवतात. निर्णयापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी एकाने तिथे जाऊन कृत्रिम पायावर चालणारी माणसे पाहून यावीत. ‘पाय काढणे’ या शब्दांमागचे चित्र त्याने पुष्कळ बदलते.

तंबाखूचे मात्र स्पष्ट बोलतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि फ्लॅप अशाच दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीवर जगत असतो. लीपमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना हाडाचा संसर्ग होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता आणि त्यांची हाडे जुळायलाही अडचण होती. मळलेल्या तंबाखूतही निकोटीन असतेच. त्याने ती सोडायचे मनापासून ठरवले नाही, तर पाय वाचवण्याची वाट मी सुचवणार नाही. भेटायला येणाऱ्या मित्रांच्या खिशातली पुडीही दाराबाहेर ठेवायला सांगा.

माझे मत आपण विचारलेत. दुसऱ्या सफाईत टिबियल नस सलग आणि पोटरी जिवंत निघाली, तर मी पाय वाचवण्याच्या बाजूने आहे. नस तुटलेली आणि मागचा कप्पा मेलेला निघाला, तर गुडघ्याखाली पाय काढणे हाच चांगला उपचार आहे आणि त्यात हार मानण्यासारखे काही नाही. ताप चढत राहिला, लघवी कमी झाली, मूत्रपिंड बिघडल्याचे दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात वाढत गेले तर पायापेक्षा जीव आधी, त्या क्षणी चर्चा थांबवावी. आणि वाचवण्याची वाट धरली तरी कुठे थांबायचे ते आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा: फ्लॅप गेला आणि पुन्हा करणे शक्य नसले, किंवा सहा महिन्यांनीही हाडातला पू आटोक्यात आला नाही, तर पुढे ओढायचे नाही. दीड वर्ष आणि दहा शस्त्रक्रिया सोसून शेवटी पाय काढावा लागलेली माणसे मी पाहिली आहेत. नोकरी गेलेली, दागिने मोडलेले आणि मन खचलेले असते. तो पाय पहिल्या महिन्यात काढला असता तर ती माणसे तोवर चालती झाली असती.

राहिली शेवटची आणि मला सर्वांत सलणारी बाब. आपला भाऊ शुद्धीवर आहे, आपल्याशी बोलतो, मुलीच्या शाळेची चौकशी करतो, आणि त्याच्याच पायाबद्दल घरातली सहा माणसे त्याच्या पाठीमागे ठरवत आहेत. त्याला धक्का बसेल म्हणून आपण लपवता, हे प्रेमापोटी आहे हे मी जाणतो. परंतु संमतिपत्रावर सही त्याची हवी, आणि रोज चार वेळा पाना फिरवून घेणारा किंवा खोळीत पाय घालून पहिले पाऊल टाकणारा तोच आहे. पुढच्या सफाईला नेण्यापूर्वी अस्थिशल्यचिकित्सक आणि प्लास्टिक सर्जन या दोघांनाही त्याच्या पलंगापाशी एकत्र बोलवा. आपण आणि वहिनी सोबत राहा, बाकीच्यांना बाहेर बसू द्या. डॉक्टरांनी त्याला दोन्ही वाटा मराठीत, एक्स-रे हातात धरून सांगाव्यात. नस आणि स्नायू कसे निघाल्यास काय करायचे, हे त्याच्याकडून भूल देण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि संमतिपत्रात तसेच लिहावे. तो रडला तर रडू द्या, लगेच समजूत घालू नका. तो पहिला प्रश्न कोणता विचारतो ते नीट ऐका: ‘परत गाडी चालवता येईल का’ की ‘किती दिवस पडून राहावे लागेल’. त्याचे उत्तर डॉक्टरांकडून त्याच्यासमोरच घ्या.